एकवीस लाख साठ हजारांचा माग

मी वकील नाही. हिशेबतपासनिसाच्या कार्यालयात बरीच वर्षं काढली आणि आता पुण्यात स्वतंत्रपणे लहान व्यावसायिकांची खाती लिहितो. कौटुंबिक न्यायालयात काम करणाऱ्या दोन-तीन वकिलांना पक्षकाराची बँक स्टेटमेंटं वाचून द्यायला कुणीतरी लागतं, ते कामही माझ्याकडे येतं. हे त्यातलंच एक प्रकरण. ओळख पटू नये म्हणून आकडे आणि काही तपशील बदलले आहेत. गुंता मात्र होता तसाच ठेवला आहे.

बाई एका खासगी कंपनीत नोकरीला, हातात येणारा पगार ३८,००० रुपये. नवरा आयटीत. एक मुलगा, शाळेत जाणारा. फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या नावावर. ३ नोव्हेंबर २०२३ ला बाई मुलाला घेऊन माहेरी आल्या आणि मे २०२४ मध्ये त्यांच्या वकीलबाईंनी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगीचा अर्ज लावला.

अशा अर्जात आता दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं ॲफिडेव्हिट द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात त्याचा नमुनाच जोडून दिला आहे. त्यात मागच्या तीन वर्षांची बँक स्टेटमेंटं येतात, संयुक्त खाती येतात, दिलेली-घेतलेली कर्जं येतात, आणि समोरच्या जोडीदाराच्या उत्पन्नाबद्दल आपल्याला काय माहीत आहे याचाही रकाना असतो. उत्तर देणाऱ्याला त्यासाठी जास्तीत जास्त चार आठवडे.

नवऱ्याचं ॲफिडेव्हिट आलं, सोबत त्याच्या दोन खात्यांची स्टेटमेंटं. त्यातल्या एका वाक्यासाठी वकीलबाईंनी मला फोन केला. वाक्याचा मतलब असा: ‘मागील ३६ महिन्यांत मी अर्जदाराच्या खात्यात एकूण २१,६०,००० रुपये जमा केले आहेत, म्हणजे दरमहा ६०,००० रुपये. शिवाय तिला स्वतःचा पगार आणि मुदत ठेवीचं व्याज आहे. सबब तिला पोटगीची गरज नाही.’ खाली परिशिष्ट म्हणून त्याच्या स्टेटमेंटमधून बायकोच्या नावाने काढलेल्या नोंदींची यादी.

“आकडा खोटा आहे का?” वकीलबाईंनी विचारलं.

मी यादीची बेरीज मारली. २१,६०,००० बरोबर होते, आणि प्रत्येक नोंद स्टेटमेंटमध्ये खरोखर होती. अशा वेळी ‘आकडा खोटा आहे’ असं उत्तरात लिहून बसलं की आपलीच पंचाईत होते. मी त्यांना म्हटलं, आकडा खरा आहे, पण तो अर्ध्या रस्त्यावरचा आहे. पैसा त्याच्या खात्यातून निघाला एवढंच त्यातून कळतं. तो कुठे जाऊन थांबला हे बघायला बाईंची स्टेटमेंटं लागतील, आणि संयुक्त खात्याचंही लागेल.

बाई पिशवीभर कागद घेऊन आल्या. त्यातले निम्मे ॲपमधून काढलेले स्क्रीनशॉट, ते बाजूला ठेवले. स्क्रीनशॉटवर शिल्लक नसते, आधीची नोंद नसते, नंतरची नसते. मला सलग स्टेटमेंट हवं होतं, १ मे २०२१ ते ३० एप्रिल २०२४, बाईंच्या पगाराच्या खात्याचं आणि गृहकर्जाचा हप्ता ज्यातून जातो त्या संयुक्त खात्याचं. संयुक्त खात्याच्या बाई धारक आहेत, त्यामुळे ते मागायला नवऱ्याच्या परवानगीची गरज नव्हती. “त्यांच्या नेटबँकिंगचा पासवर्ड मला माहितीये, सगळंच काढून देऊ का?” असं त्यांनी सहज विचारलं. त्याला मी ठाम नाही म्हटलं. दुसऱ्याच्या खात्यात शिरून काढलेला कागद उद्या आपल्याच गळ्यात येतो. त्याच्या खात्याचं जे हवं ते कोर्टामार्फत मागता येतं.

स्टेटमेंटं एक्सेलमध्ये आणली की माझं पहिलं काम जोड्या लावणं हे नसतं. आधी बघायचं की स्टेटमेंट पुरं आहे का. डेबिट D मध्ये, क्रेडिट E मध्ये, शिल्लक F मध्ये असेल तर शेजारच्या रकान्यात हे सूत्र टाकून खालपर्यंत ओढायचं:

```
=ROUND(F2-D3+E3-F3,2)
```

मागची शिल्लक, वजा खर्च, अधिक जमा, वजा आजची शिल्लक. प्रत्येक ओळीत शून्य यायला हवं. (काही बँका ताजी नोंद वर छापतात. तिथे आधी क्रम उलटा करून घ्या, नाहीतर सगळ्याच ओळी बोंबलतात.) बाईंच्या स्टेटमेंटमध्ये एका जागी शून्याऐवजी उणे १२,८४० आले. बघितलं तर बरोबर पान संपतं तिथे. तेरावं पान, मग थेट पंधरावं. छापताना एक पान राहिलं होतं, आणि त्याच पानावर घरखर्चाची एक जमा आणि शाळेच्या बसचं भाडं होतं. हे पान तसंच गाळून गेलं असतं तर समोरच्या वकिलाने पहिला प्रश्न तोच विचारला असता, आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं हे पटवायला तारखा गेल्या असत्या.

मग जोड्या. नवऱ्याच्या यादीतली प्रत्येक नोंद बाईंच्या खात्यात कुठे उतरली ते शोधायचं. रक्कम आणि तारीख जुळवणं पुरत नाही, कारण १५,००० ची नोंद महिन्यात दोनदाही असू शकते. खरा धागा म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. यूपीआयचा क्रमांक बारा आकडी असतो आणि तो दोन्ही बाजूंना तोच उमटतो:

```
05-06-23  UPI/DR/315612345678/...   31,500.00
05-06-23  UPI/CR/315612345678/...   31,500.00
```

वरची ओळ त्याच्या खात्यातली, खालची बाईंच्या. (क्रमांक इथे बनावट लिहिला आहे.) बहुतेक वेळा त्यातले पहिले चार आकडे तारीखच सांगतात: ३ म्हणजे २०२३, १५६ म्हणजे वर्षाचा एकशे छप्पन्नावा दिवस, ५ जून. नोंद रात्री बाराच्या आसपास झाली आणि एका बँकेने आजची, दुसरीने उद्याची तारीख लावली, तर हे कामाला येतं. आयएमपीएसलाही बारा आकडी क्रमांक असतो, एनईएफटीला सोळा अक्षरांचा. एकाच बँकेतल्या दोन खात्यांमधला व्यवहार मात्र कधी नुसता TRF म्हणून येतो, क्रमांक नसतोच. तिथे तारीख, रक्कम आणि बँकेने छापलेला खात्याचा शेवटचा तुकडा यावर भागवावं लागतं. अशा जोड्यांसमोर मी ‘क्रमांकाने जुळली नाही, तारीख-रकमेने जुळली’ असं लिहून ठेवतो.

जोड्या लावता लावता एक नोंद अडली. २१,००० रुपये त्याच्या खात्यातून गेलेले, बाईंच्याकडे आलेच नाहीत. त्याच्याच स्टेटमेंटमध्ये तीन ओळी खाली तोच संदर्भ क्रमांक पुन्हा होता, यावेळी जमा बाजूला, पुढे REV. व्यवहार फसला होता आणि पैसे त्याला परत मिळाले होते. यादी करणाऱ्याने बायकोचं नाव टाकून शोधलं, फक्त डेबिट उचलले, परतीची ओळ सुटली. मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. नावाने शोध घेऊन केलेल्या यादीत हे होतंच. पण २१,६०,००० चे २१,३९,००० झाले.

इथपर्यंतचं काम दोन संध्याकाळींचं. नंतरच्या कामाला आठवडा लागला. बाईंच्या खात्यात उतरलेला प्रत्येक आकडा पुढच्या सात दिवसांत कुठे गेला, ते बघायचं.

सगळ्यात मोठा गठ्ठा दर महिन्याच्या ५ तारखेच्या आगेमागे येणाऱ्या ३१,५०० रुपयांचा होता. तीस महिने, ९,४५,००० रुपये. दर वेळी दुसऱ्या दिवशी बाईंच्या खात्यातून ४३,५०० रुपये संयुक्त खात्यात जायचे आणि ७ तारखेला तिथून गृहकर्जाचा हप्ता कापला जायचा, बरोबर ४३,५००. म्हणजे हप्त्यातले ३१,५०० त्याचे, १२,००० बाईंचे, आणि भरणा बाईंच्या हातून. असं का, विचारलं. “ते बँकेचं काम मीच बघायचे हो, त्यांना तारीख लक्षात राहायची नाही.” घराघरांत असंच असतं. पण कागदावर त्याचा अर्थ असा झाला की नवऱ्याने स्वतःच्या फ्लॅटच्या कर्जात भरलेले साडेनऊ लाख बायकोचं उत्पन्न म्हणून मोजले गेले. हा पैसा बाईंच्या खात्यात चोवीस तासही थांबला नव्हता. माझ्या तक्त्यात अशा रकमांना मी ‘वाटेतला पैसा’ म्हणतो.

इथे एक गोष्ट आवर्जून लिहिली, जी बाईंना सुरुवातीला रुचली नाही. नोव्हेंबर २०२३ पासून नवरा पूर्ण ४३,५०० थेट संयुक्त खात्यात भरतो आहे. ‘त्याने सहा महिने एक पैसा दिला नाही’ हे त्यांचं म्हणणं त्यांच्या खात्यापुरतं खरं होतं, कर्जाच्या खात्यापुरतं नव्हतं. तक्त्यात दोन्ही आलं.

दुसरी गोष्ट शाळेची फी. जून २०२२ आणि जून २०२३, दोन्ही वेळा ९२,००० रुपये आले आणि दोन दिवसांत तेवढेच शाळेला गेले. हाही वाटेतला पैसा. पण तो नवऱ्याने मुलासाठी केलेला खर्च आहे आणि तसाच त्याच्या बाजूने लिहायचा, बाईंनी भरला म्हणून दाखवायचा नाही. नणंदेच्या लग्नाच्या वेळी आलेले १,५०,००० त्याच दिवशी सराफाला गेले, पावती नणंदेच्या नावाची. तीही सोबत लावली.

मग ती मुदत ठेव. नवऱ्याच्या यादीत मार्च २०२२ मध्ये ७, ८ आणि ९ तारखेला एकेक लाख अशा तीन नोंदी होत्या. यूपीआयने एका व्यक्तीला पाठवायची रोजची मर्यादा साधारण एक लाख, म्हणून तीन तुकडे, पैसा एकच. १० तारखेला बाईंच्या खात्यातून तीन लाखांची ९१ दिवसांची ठेव झाली. ९ जूनला ती सुटली, व्याज आलं २,९९२ रुपये, आणि १० जूनला एनईएफटीने ३,००,००० नवऱ्याच्या खात्यात परत गेले. परतीची ओळ त्याच्या स्वतःच्या स्टेटमेंटमध्ये जमा बाजूला होतीच, पण यादी फक्त डेबिटची. म्हणजे तीन लाख जाताना मोजले, येताना नाहीत. आणि वर त्याच ठेवीच्या व्याजाला ‘मुदत ठेवीचं व्याज’ म्हणून बाईंच्या उत्पन्नात धरलं. ते व्याज एकदाच आलं होतं, २,९९२ रुपये. नवऱ्याने मोबदल्याशिवाय बायकोला दिलेल्या पैशाचं व्याज १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, हे मी वकीलबाईंच्या कानावर घातलं. त्यांनी ते ॲफिडेव्हिटमध्ये न घालता उलटतपासणीसाठी राखून ठेवलं.

हे सगळं वजा गेल्यावर उरले ५,६०,०००. त्यातले ४,२०,००० सरळ होते, दरमहा १५,००० प्रमाणे अठ्ठावीस महिन्यांचा घरखर्च. उरलेले १,४०,००० म्हणजे पाचशे, बाराशे, साडेतीन हजार अशा किरकोळ नोंदी. या साडेपाच लाखांचा पुढचा माग मी काढला नाही, कारण तो निघतच नाही. त्याच खात्यात बाईंचा पगार येतो, त्याच खात्यातून किराणा, वीज, औषधं, रिक्षा जाते. कुठला रुपया कुणाचा हे एकदा पाणी एकत्र झाल्यावर सांगता येत नाही, आणि सांगता येतं असा आव आणणारा तक्ता समोरचा वकील पाच मिनिटांत फाडतो. तिथे एवढंच लिहिलं: ‘घरखर्चाच्या खात्यात मिसळले, स्वतंत्र हेतू स्टेटमेंटवरून ठरत नाही.’

तीस महिन्यांपैकी घरखर्च अठ्ठावीसच महिन्यांचा का, हे मला खटकत होतं. दोन महिने कुठे गेले? बाईंच्या स्टेटमेंटमध्ये त्या दोन महिन्यांत १५,००० जमा होतेच, पण वेगळ्या नावाने. सासूबाईंच्या खात्यातून. त्या काळात नवऱ्याच्या खात्याची काहीतरी अडचण झाली होती आणि आईने भरले होते. नवऱ्याच्या यादीत ते नव्हते, कारण त्याच्या स्टेटमेंटमध्ये ते नाहीत.

“मग ते कशाला सांगायचं?” बाई म्हणाल्या. “त्यांनी मागितलेत का?”

“ताई, स्टेटमेंट तुमचंच लावतोय आपण. त्यात ती ओळ छापलेली आहे. त्यांनी वाचली तर आपण लपवली, आपण लिहिली तर आपण सांगितली.”

बाईंच्या बाजूचं आणखी एक निघालं. मी प्रत्येक पक्षकाराला आयकर पोर्टलवरून स्वतःचं वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, काढायला सांगतो. कुठल्या कुठल्या बँकेने तुमच्या पॅनवर व्याज कळवलं आहे ते त्यात दिसतं, आणि माणूस विसरलेली खाती तिथे वर येतात. बाईंच्या एआयएसमध्ये माहेरच्या गावातल्या एका सहकारी बँकेचं ६१२ रुपये व्याज होतं.

“अहो ते आईचं खातं आहे. माझं नाव नुसतं लावलंय, तिला सही जमत नाही म्हणून.”

खात्यात ४१,००० रुपये होते. पैसे आईचेच असतील, पण नाव आणि पॅन बाईंचा. ते संयुक्त खात्यांच्या रकान्यात गेलं, पुढे ‘रक्कम आईच्या पेन्शनची’ असा शेरा, आणि पासबुकाची प्रत. डिसेंबर २०२३ मध्ये भावाला पाठवलेले ६०,०००ही दाखवले. ते वेगळं राहायला लागल्यानंतरचे होते, म्हणून ते आपणहून सांगणं जास्तच गरजेचं. बाई माहेरी आल्या तेव्हा घेतलेल्या सामानाचे पैसे भावाने भरले होते, त्याची बिलं निघाली.

आता उलट दिशेचा पैसा, बायकोकडून नवऱ्याकडे. नावाने शोधलं तर तीन लाखांची ती एकच परतफेड सापडते. पण स्टेटमेंट ओळीने वाचताना बिलं भरण्याच्या एका ॲपला गेलेल्या सात नोंदी दिसल्या, ओबडधोबड आकड्यांच्या: २८,४१७, ३३,०९२ अशा. एकूण २,०७,३५०. बाईंना विचारलं, तुमचं क्रेडिट कार्ड आहे का? नव्हतं. मग ही बिलं कुणाची? त्यांनी ॲप उघडून इतिहास दाखवला. सातही वेळा नवऱ्याच्या कार्डाचं बिल भरलं होतं, कार्डाचे शेवटचे चार आकडे तिथे होते, आणि तेच कार्ड त्याने ॲफिडेव्हिटमध्ये देण्यांच्या रकान्यात लिहिलं होतं. अशा पैशावर कुणाचंच नाव नसतं. घेणारा म्हणून ॲपचं नाव दिसतं, आणि नावावर विसंबणारा शोध त्याच्यावरून घसरून जातो.

मोह असा होतो की हे दोन लाख त्या साडेपाच लाखांतून वजा करावेत आणि ‘बाईंना निव्वळ साडेतीनच लाख मिळाले’ असं ठणकावून सांगावं. मी केलं नाही. त्या कार्डावर काय घेतलं हे मला दिसत नव्हतं. घरातला फ्रिज असेल, मुलाची सायकल असेल, किंवा त्याचा एकट्याचा प्रवास असेल. कार्डाचं स्टेटमेंट येईपर्यंत ही रक्कम वेगळ्या रकान्यात राहिली: ‘अर्जदाराने प्रतिवादीच्या कार्डापोटी भरलेले, खर्चाचा तपशील प्रतिवादीकडे.’ रजनेश विरुद्ध नेहाच्या निकालातच म्हटलं आहे की ॲफिडेव्हिटमधल्या माहितीबद्दल वाद असेल तर कोर्टाच्या परवानगीने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ११ खाली प्रश्नावली देता येते आणि कागद मागवता येतात. वकीलबाईंनी सात महिन्यांची कार्ड स्टेटमेंटं त्याखाली मागितली.

शेवटची नोंद संयुक्त खात्यात सापडली. खरं तर ते स्टेटमेंट मी हप्त्यांची बाजू जुळवायला घेतलं होतं. दर महिन्याला ४३,५०० येतात, ४३,५०० जातात, कंटाळवाणं खातं. फक्त दरमहा दोघांनी मिळून भरलेली एक आवर्ती ठेव ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथे मुदत संपून जमा झाली होती. १२ ऑक्टोबरला, म्हणजे बाई घर सोडण्याच्या तीन आठवडे आधी, तिथून १,९५,००० रुपये एनईएफटीने गेले. घेणाऱ्याचं नाव नवऱ्याचंच. मी सवयीने त्याच्या पगाराच्या खात्यात सोळा अक्षरी क्रमांक शोधला. नाही. दुसऱ्या खात्यातही नाही. मग संयुक्त खात्याच्या स्टेटमेंटमध्ये छापलेले घेणाऱ्या खात्याचे शेवटचे चार आकडे बघितले: ४४७१. ॲफिडेव्हिटमधल्या त्याच्या दोन्ही खात्यांचे आकडे वेगळे.

बाई खुर्चीतून उठल्याच. “म्हणजे त्यांनी लपवलं!”

मी म्हटलं, म्हणजे ४४७१ नावाचं एक खातं आहे आणि ते यादीत नाही. ते बंद झालं असेल, विसरलं असेल, लपवलंही असेल. आपल्याकडे एका ओळीचा पुरावा आहे, तेवढीच ओळ लिहू. खोट्या ॲफिडेव्हिटबद्दल कारवाईचा अर्ज करायचा का, हे वकीलबाई ठरवतील, आणि तो आधी खुलासा मागितल्यावरचा प्रश्न.

वकीलबाईंकडे शेवटी गेला तो कागद चार पानांचा. पहिल्या पानावर नवऱ्याच्याच आकड्यापासून सुरुवात, कारण न्यायाधीशांच्या हातात तोच असतो:

प्रतिवादीने सांगितलेली रक्कम २१,६०,०००. त्यातून फसून परत गेलेला व्यवहार २१,०००. गृहकर्जाकडे गेले ९,४५,०००. नवऱ्याला परत ३,००,०००. शाळेची फी १,८४,०००. सराफ १,५०,०००. बाकी ५,६०,०००, तीस महिन्यांत, म्हणजे महिन्याला साधारण १८,६६७, आणि तेही तिघांच्या घरखर्चाच्या खात्यात. १ नोव्हेंबर २०२३ ते ३० एप्रिल २०२४, अर्जदाराच्या खात्यात शून्य. सासूबाईंचे ३०,००० खाली टिपेत, कार्डाचे २,०७,३५० आणि ४४७१ ची ओळ स्वतंत्र.

तिथे आणखी एक वाक्य घातलं. त्याने २१,६०,००० ला ३६ ने भागून ‘दरमहा ६०,०००’ काढले होते. पैसे तीसच महिने आले. शून्याचे सहा महिने सरासरीत विरघळून गेले होते, आणि वाचणाऱ्याला वाटत होतं की ६०,००० अजूनही येतच आहेत. पोटगीचा प्रश्न मात्र नेमका त्या सहा महिन्यांचा आणि पुढचा होता.

मागच्या तीन पानांवर ओळीने नोंदी: तारीख, कुठल्या खात्यातून, कुठल्या खात्यात, रक्कम, संदर्भ क्रमांक, पुढच्या सात दिवसांत काय झालं, आणि पुरावा कुठल्या पानावर. शेवटचा रकाना मी हाताने भरतो. सुनावणीत वकिलाला ‘परिशिष्ट क, पान २२, खालून चौथी ओळ’ असं सांगता आलं पाहिजे. स्टेटमेंटं बँकेच्या शिक्क्याची आणि बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याच्या प्रमाणपत्रासह पुन्हा घेतली. ॲपमधून उतरवलेली पीडीएफ मी वाचायला वापरतो, कोर्टात लावायला नाही.

तारखेला समोरच्या वकिलांनी तक्ता वाचला आणि ६०,००० चा मुद्दा पुन्हा काढला नाही. हप्त्याचे ९,४५,००० मात्र सोडले नाहीत: नवरा फ्लॅटचं कर्ज फेडतो आहे, त्याचा विचार व्हावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो त्यांनी करणं रास्तच होतं, आणि त्याचा आधार आमच्याच तक्त्यात होता. कार्डाची स्टेटमेंटं आली तेव्हा सातपैकी चार महिन्यांत निम्म्याहून जास्त खर्च किराणा आणि मुलाच्या कपड्यांचा निघाला. ते दोन लाख मी वजा केले असते तर तिथे तोंडावर आपटलो असतो.

४४७१ बद्दल नवऱ्याने पूरक ॲफिडेव्हिट दिलं. जुन्या कंपनीचं पगाराचं खातं, वापरात नसल्याने लिहायचं राहून गेलं, शिल्लक ३,२१२ रुपये. सोबत स्टेटमेंट होतं. वकीलबाईंनी ते मला पाठवलं आणि मी नेहमीप्रमाणे आधी शिल्लकेचं सूत्र ओढलं. सगळीकडे शून्य. १२ ऑक्टोबरला १,९५,००० आले होते. १६ ऑक्टोबरला तेवढेच पुढे गेले होते, एका म्युच्युअल फंडाकडे, फोलिओ क्रमांकासह. तो फोलिओही मालमत्तेच्या यादीत नव्हता.